चार मिनिटं वीस सेकंदांत किती शब्द?

आमच्या गावातल्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही बोलतो आहोत. विषय जरा वेगळा आहे. रेडिओवर बोलायला आपल्याला ठराविक वेळ मिळते, पाच मिनिटं म्हणजे पाचच. त्या वेळेत नेमकं बसेल एवढंच कसं लिहायचं, हे आम्ही एकदा चुकून आणि मग हिशेब करून शिकलो, ते सांगायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणी आता केंद्रावर येऊन बोलायला लागल्या आहेत, म्हणून हा विषय घेतला.

आधी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्हाला सकाळी १० वाजून २५ मिनिटांची जागा मिळाली. थेट प्रसारण होतं. विषय होता दोन सरकारी विमा योजनांचा, जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा. वर्षाला एकीचे ४३६ रुपये आणि दुसरीचे २० रुपये, दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हे पैसे आपल्या बचत खात्यातून आपोआप कापले जातात. त्यामुळे मेअखेर खात्यात ४५६ रुपये शिल्लक हवेत, नाहीतर कापायला काही नसतं आणि विमा बंद पडतो. सांगायची गोष्ट खरं तर एवढीच होती. पण आम्ही आधी योजनेची माहिती लिहिली, मग गटातल्या एका बाईचा अनुभव लिहिला, मग कोणाचं वय किती हवं ते लिहिलं, आणि ‘३१ मेच्या आत खात्यात पैसे ठेवा’ हे वाक्य अगदी शेवटी ठेवलं. शेवटचं ऐकलेलं लक्षात राहतं, असं आम्हाला वाटलं.

वेळेचा हिशेब आम्ही केला नव्हता असं नाही. सुरुवातीची धून आणि निवेदिकेने आमची ओळख करून देणं याला २५ सेकंद आणि शेवटी तिच्या समारोपाला १५ सेकंद जातात, हे आम्ही केंद्रावर विचारून घेतलं होतं. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, त्यातून ४० गेले, उरले २६०. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. हे बरोबरच होतं. पुढे एका प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं की माणूस मिनिटाला दीडशे शब्द बोलतो. त्या हिशेबाने चार मिनिटं वीस सेकंदांत साडेसहाशे शब्द येतात. आम्ही दहा शब्द हात राखून ६४० लिहिले आणि निर्धास्त झालो. आदल्या रात्री कागद मनातल्या मनात वाचून पाहिला, तर साडेतीन मिनिटांत संपला. उलट कमी पडतंय की काय, अशी काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी माईकसमोर काय झालं ते आजही आठवतं. काचेपलीकडची तंत्रज्ञ मुलगी हाताने खूण करत होती, आवरा, आवरा. आमच्या हातात अजून दीड पान शिल्लक होतं. आम्ही भराभर वाचायला लागलो. साडेदहा वाजले आणि संगणकाने पुढच्या कार्यक्रमाची धून आपोआप सुरू केली. निवेदिकेला समारोपही करता आला नाही. सुमारे दीडशे शब्द वाचायचे राहिले, आणि ३१ मेचं वाक्य त्यातच होतं.

जूनच्या बैठकीत पासबुकं पाहिली तेव्हा आमच्या गटांतल्या अकरा जणींच्या खात्यातून विम्याचे पैसे कापले गेले नव्हते, कारण खात्यात पुरेसे पैसे नव्हते. त्यातल्या बऱ्याच जणींनी कार्यक्रम ऐकला होता. ‘तुम्ही योजना चांगली सांगितली हो ताई, पण करायचं काय ते कुठं सांगितलं?’ असं एकीने विचारलं. सगळ्यांची नावं पुन्हा घालावी लागली. जीवन ज्योतीत नव्याने नाव घातलं की पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर दावा मिळत नाही. त्या अकरा जणींपैकी एकीची तब्येत तेव्हा बरी नव्हती. ते ३० दिवस आम्ही कॅलेंडरवर खुणा करत काढले. ती सुखरूप आहे, आत्ता हे ऐकतही असेल.

मग बसलो शोधायला, की चुकलं कुठे.

पहिली गोष्ट म्हणजे तो दीडशेचा आकडा. तो इंग्रजीचा आहे. इंग्रजीत ‘घरातल्या बाईला’ म्हणायला छोटे छोटे चार-पाच शब्द लागतात. आपल्याकडे ‘ला’, ‘ने’, ‘तल्या’, ‘साठी’, ‘सुद्धा’ हे सगळं शब्दालाच चिकटतं. शब्द कमी होतात, पण लांब होतात. ‘खात्यामधल्यासुद्धा’ हा आपण एकच शब्द मोजतो आणि तो म्हणायला सात अक्षरं लागतात. त्यामुळे मराठी वाचताना मिनिटाला शब्द कमीच पडणार. आम्ही घड्याळ लावून वाचलं तेव्हा आमचा वेग मिनिटाला १०८ शब्द निघाला. ६४० शब्दांना १०८च्या वेगाने जवळजवळ सहा मिनिटं लागतात. जागा होती चार मिनिटं वीस सेकंदांची. दुसरं काय होणार होतं?

दुसरी गोष्ट मनातल्या मनात वाचण्याची. डोळे ओळीवरून पळतात, जीभ पळू शकत नाही. मनात वाचताना आपण श्वास घेत नाही, स्वल्पविरामाला थांबत नाही, माहितीचं वाक्य तर अर्धंच वाचतो. तसं वाचून काढलेली वेळ काही कामाची नसते.

आता आपला वेग काढायचा कसा, ते सांगतो. आपणच लिहिलेला मजकूर घ्यायचा, वर्तमानपत्र नको, कारण त्यातली भाषा वेगळी असते. साधारण तीनशे-सव्वातीनशे शब्दांचा घ्यायचा. शब्द एकदा नीट मोजायचे. वहीत हाताने लिहिलेलं असेल तर एकेक शब्द मोजत बसायची गरज नाही. दहा भरलेल्या ओळी घ्या, त्यातले शब्द मोजा, दहाने भागा. आमच्या अक्षरात ओळीला आठ शब्द येतात. मग ओळी मोजून आठाने गुणायचं, परिच्छेदाच्या शेवटच्या अर्ध्या ओळी दोन मिळून एक धरायच्या. मग मजकूर मोठ्याने, माईकसमोर वाचतो तसा, कोणाला तरी समोर बसवून वाचायचा आणि दुसरीने मोबाईलवर घड्याळ लावायचं. एक मिनिट वाचून थांबू नका. पहिल्या मिनिटात आपण दमात असतो, खरा वेग दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कळतो. आमच्या मजकुरात ३२४ शब्द होते आणि नेमके १८० सेकंद लागले. ३२४ भागिले १८०, म्हणजे सेकंदाला १.८ शब्द.

हिशेब आम्ही सेकंदांतच करतो, त्यालाही कारण आहे. एकदा आमच्यातल्या एकीने कॅल्क्युलेटरवर चार मिनिटं वीस सेकंद म्हणून ४.२० दाबलं. वीस सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा हिस्सा, म्हणून तिथे ४.३३ हवं होतं. तेवढ्यात चौदा शब्दांचा फरक पडला. तो कमी बाजूला पडला म्हणून निभावलं. सगळे सेकंद करून घेतले की हा घोळ होत नाही.

आणि वेग ज्याचा त्याचा असतो. आमच्यातल्या तिघींचा काढला तर एकीचा सेकंदाला १.४, आमचा १.८ आणि तिसरीचा, ती कॉलेजला जाणारी आहे, २.२ निघाला. त्याच २६० सेकंदांत पहिली ३६४ शब्द वाचेल आणि तिसरी ५७२. दोघींच्या मजकुरात दोनशेहून जास्त शब्दांचा फरक! म्हणून एकीने लिहायचं आणि ऐनवेळी दुसरीने वाचायचं असं आम्ही आता करत नाही. वाचणारी आधी ठरते, मग कागदाची लांबी ठरते. हळू वाचणारीला घाई करायला सांगायचं नाही, तिला शब्द कमी द्यायचे. आमच्या १.४वाल्या मावशींचं बोलणं गावात सगळ्यात जास्त ऐकलं जातं, हेही सांगून ठेवतो.

आता गेल्या वर्षी काय केलं ते पाहू. पुन्हा मे महिना, पुन्हा तीच जागा, तोच विषय. वाचणार आम्हीच, वेग १.८. हाती २६० सेकंद. सरळ गुणाकार केला तर ४६८ शब्द येतात. पण तेवढे लिहायचे नाहीत, कारण हे सगळे सेकंद शब्दांना मिळत नाहीत.

एक तर आम्हाला बँकसखीचा फोन नंबर सांगायचा होता. ऐकणारी बाई पेन शोधणार, मग लिहिणार. म्हणून नंबर पाच-पाच आकड्यांचे दोन तुकडे करून सावकाश वाचायचा आणि पुन्हा एकदा वाचायचा. घड्याळ लावून पाहिलं तर दोन्ही वेळचे मिळून १७ सेकंद गेले. तेवढ्यात एरवी तीस शब्द बोलून होतात. शिवाय ‘लिहून घ्या’ म्हटल्यावर आणि तारीख सांगितल्यावर थोडं थांबायचं, तीन-तीन सेकंद, म्हणजे सहा. झाले २३. शिवाय दहा सेकंद हातचे ठेवले. खोकला येतो, पान चिकटतं, एखादा शब्द अडखळतो. म्हणजे ३३ सेकंद बाजूला. उरले २२७. त्याला १.८ ने गुणलं, तर ४०८ शब्द. म्हणजे ४६८वरून आम्ही ४०८वर आलो, आणि तेही लिहायला बसायच्या आधी.

मजकूर लिहून झाला, मोबाईलवर टाइप केला. मोबाईलने शब्द दाखवले ३९१. वाटलं, सतरा शब्द अजून शिल्लक आहेत. पण मोबाईल ‘४३६’ हा एक शब्द मोजतो आणि तोंडाने आपण ‘चारशे छत्तीस’ असे दोन म्हणतो. ‘२,००,०००’ त्याला एक, आपल्याला ‘दोन लाख’. ‘२०२२’ त्याला एक, आपल्याला ‘दोन हजार बावीस’ तीन. योजनेचं नाव कागदावर ‘पीएमजेजेबीवाय’ असं एका शब्दात लिहिलं होतं. ते मोठ्याने म्हणून बघा, सहा अक्षरं सुटी सुटी म्हणावी लागतात, आणि ऐकणारीला कळत काहीच नाही. तिथे आम्ही ‘जीवन ज्योती विमा’ लिहिलं. असे सगळे आकडे आणि आखूड नावं जसं बोलतो तसं अक्षरात लिहून काढली, आणि फोन नंबर तेवढा मोजणीतून वगळला, कारण त्याचे सेकंद आधीच बाजूला काढले होते. आता शब्द झाले ४२२. जे सतराने कमी वाटत होते ते चौदाने जास्त निघाले. पैशांच्या, तारखांच्या, वयाच्या विषयात हे हमखास होतं. स्वयंपाकाच्या विषयात कमी, तिथे आकडे थोडे असतात.

चौदा शब्द म्हणजे जवळजवळ आठ सेकंद. आम्ही सोळा शब्दांचं एक वाक्य काढून टाकलं, योजना कधी सुरू झाली ते सांगणारं. राहिले ४०६. प्रत्येक वाक्यातून एकेक शब्द खरवडत बसू नका. तसं केलं की वाक्य तुटक होतं आणि वाचताना अडखळायला होतं. जावं तर एखादं अख्खं वाक्य जावं.

इथे एक अडचण आहे, तीही सांगतो. शब्द तेवढेच असले तरी वेळ तेवढीच लागते असं नाही. सरकारी पत्रकातली भाषा उचलली की शब्द लांब होतात. ‘पैसे घरात ठेवू नका, खात्यात ठेवा.’ हे सहा शब्द आहेत, अक्षरं चौदा. आणि पत्रकातल्यासारखं ‘लाभार्थ्यांनी विमाहप्त्याच्या रकमेची खात्यामध्ये पुरेशी उपलब्धता’ हेही सहाच शब्द, पण अक्षरं पंचवीस, आणि वाक्य अजून संपलेलंच नाही! आपला वेग साध्या मजकुरावर काढलेला असेल आणि हातात असा जड मजकूर असेल, तर हिशेब चुकणारच. त्यामुळे शब्दांचा हिशेब फक्त लिहायला बसताना, साधारण किती लिहायचं ते कळायला धरायचा. शेवटचा निकाल घड्याळ लावून मोठ्याने वाचल्यावरच.

आमच्या हिशेबाने ४०६ शब्दांना २२६ सेकंद, त्यात नंबर आणि थांबण्याचे २३ मिळवले की २४९, म्हणजे चार मिनिटं नऊ सेकंद. मोठ्याने वाचलं तेव्हा चार मिनिटं बारा सेकंद लागले. तीन सेकंदांचा फरक. पाच मिनिटांच्या मजकुरात आमचा अंदाज पाच-दहा सेकंदांनी मागेपुढे होतोच, त्यासाठी ते हातचे दहा सेकंद असतात. फरक वीसच्या वर गेला तर मात्र आम्ही पुन्हा शब्द मोजतो. बहुतेक वेळा आकडे मोजायचे राहिलेले असतात.

तालमीतच आणखी दोन कामं उरकायची. एक, वाचताना जवळ बसलेलीने दर परिच्छेदाला समासात पेन्सिलीने वेळ लिहायची, इथे ५० सेकंद, इथे १ मिनिट ४५, अशी. माईकसमोर घड्याळ आणि समास ताडून बघितलं की आपण मागे आहोत की पुढे ते लगेच कळतं. शेवटच्या पानावर कळून उपयोग नाही, हे आम्ही भोगलं आहे.

दुसरं काम उलट्या बाजूने मोजण्याचं. कार्यक्रम साडेदहाला संपणार, निवेदिकेला १५ सेकंद हवेत, म्हणजे आमचं बोलणं १० वाजून २९ मिनिटं ४५ सेकंदांनी संपायला हवं. शेवटचा परिच्छेद, ज्यात ३१ मे आणि ४५६ रुपये होते, तो वेगळा वाचून मोजला. ३५ सेकंद. म्हणजे घड्याळात १० वाजून २९ मिनिटं १० सेकंद झाले की आपण कुठेही असू, तो परिच्छेद सुरू करायचा. त्याच्या आधीचा ३६ शब्दांचा एक परिच्छेद आम्ही पेन्सिलीने चौकट करून ठेवला होता. उशीर झाला तर तो सोडायचा, वीस सेकंद मिळतात. तो सोडल्याचं ऐकणाऱ्यांना कळूही नये, असाच निवडायचा. आणि लवकर संपतंय असं वाटलं तर रेंगाळत वाचायचं नाही, तारखेचं वाक्य पुन्हा एकदा म्हणायचं.

शिवाय तारीख फक्त शेवटी ठेवली नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटातच ती एकदा सांगून टाकली.

‘उशीर झाला तर थोडं भराभर वाचू’ असं कोणी म्हणेल. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकलं. भराभर वाचताना आपण शब्दाचा शेवट गिळतो. आणि आपल्या मराठीत सगळा अर्थ शेवटात असतो. ‘बँकेने’ की ‘बँकेला’, ‘द्यायचे’ की ‘द्यायचेत का’, काही कळत नव्हतं. पैसे बँक देणार की आपण भरायचे, हेच ऐकणारीला समजलं नाही तर ती काय करणार?

गेल्या वर्षी माईकसमोर एका ठिकाणी आवाज बसला, पाणी प्यावं लागलं. समासात पाहिलं तर आम्ही अकरा सेकंद मागे होतो. चौकटीतला परिच्छेद सोडला. शेवटचा परिच्छेद १० वाजून २९ मिनिटं दोन सेकंदांनीच सुरू झाला, म्हणून तारीख दोनदा म्हणता आली. निवेदिकेने समारोप केला आणि मग धून वाजली.

जूनच्या बैठकीत पुन्हा पासबुकं पाहिली. त्या अकरा जणींपैकी दहा जणींच्या पासबुकात ४३६ आणि २० अशा दोन्ही नोंदी होत्या. अकरावीच्या पासबुकात फक्त २०ची होती. तिने कार्यक्रम पूर्ण ऐकला होता, तारीखही पाठ होती. पण ‘चारशे छप्पन’ तिच्या लक्षात ‘साडेचारशे’ म्हणून राहिले आणि तिने खात्यात बरोबर ४५० ठेवले. २० गेले, उरले ४३०, सहा रुपये कमी! तिचं नाव पुन्हा घातलं. यंदाच्या कागदात आम्ही ‘चारशे छप्पन’ काढून टाकलं आहे. तिथे ‘पाचशे रुपये ठेवा’ लिहिलं आहे. एक शब्द वाचला तो वेगळाच.